तेरा बाजारांची उधारी

आमच्या कडक भाकरीचं आयुष्य साठ दिवसांचं. पाकिटावर तसं छापलेलंच आहे. आणि पुण्याच्या त्या मोठ्या दुकान-साखळीनं नव्या करारात लिहिलं होतं की पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे भाकरी खपो, मोडो, मरो. तिचं महिन्याचं श्राद्ध घालून झाल्यावर आमचे पैसे यायचे. आधी तीस दिवस होते. शिवाय शंभराच्या पाकिटामागं त्यांचं मार्जिन बावीस रुपये होतं, ते आता अठ्ठावीस पाहिजे.

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतली आमची शेड, बारा बायका. निम्म्याहून जास्त माल या एकाच गिऱ्हाइकाकडं जातो. नुकतंच पॅकिंग मशीन कर्जावर घेतलेलं. नाही म्हटलं तर मशीन बसून राहणार, हो म्हटलं तर बायकांचा पगार कशातून द्यायचा? मला रागही येत होता आणि भीतीही वाटत होती. खरं सांगायचं तर भीतीच जास्त.

आमचे सीए म्हणाले, "घाबरता कशाला? तुमची नोंदणी लघुउद्योगाची आहे. लेखी करार केला तरी पंचेचाळीस दिवसांवर जाता येत नाही. उशीर केला तर पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना करात दाखवता येत नाही." मला ते पटलं. पण कायदा आपला असला तरी दुकानातली फळी त्यांची असते, आणि फळीवरून पाकीट उचलायला कायदा लागत नाही.

त्या साखळीचे खरेदीचे साहेब शेड तपासायला येणार होते. "कुठलाही दिवस चालेल," ते म्हणाले. मी साळसूदपणे आठवडी बाजाराचा दिवस सांगितला. त्या दिवशी आमच्याकडं आठवड्याचा पगार होतो.

साहेब आले, टोपी घालून शेड पाहिली, तव्यांखालची राख पाहिली, खुर्चीत बसले आणि कंपनीचं धोरण सांगू लागले. मी मान डोलवत राहिले. मग म्हटलं, "हे आमच्या बायकांनाच सांगता का? मला नीट सांगता येत नाही." साहेब खुशीत उठले. बोलायची त्यांना सवय होती.

सगळ्यांत जुनी बाई म्हणजे खटकचिंचोळीची अक्का. ती दिवस मोजत नाही, बाजार मोजते. साहेबांचं बोलणं ऐकून तिनं बोटांवर हिशेब केला.

"नव्वद दिस म्हंजी तेरा बाजार झाले की वो साहेब. तवर आमी बाजाराला काय घेऊन जायाचं?"

साहेब म्हणाले, "अक्का, मोठ्या कंपनीत असंच असतं."

"व्हय, असंल. तुमचा पगार किती बाजारानं येतोय?"

"महिन्याला," साहेब म्हणाले.

"म्हंजी चार बाजारानं. मग आमीच कामून तेरा?" तिनं हे भांडून विचारलं नव्हतं. भाकरी थापतच विचारलं होतं.

मग त्यांना गरम भाकरी, शेंगाचटणी दिली. खाऊन झाल्यावर त्यांनी घरच्यांसाठी दहा पाकिटं मागितली आणि पैसे द्यायला फोन काढला. अक्कानं हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या. तेरा बाजारानं द्या."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण दहा पाकिटं त्यांनी सोडली नाहीत, हेही सांगायला हवं.

परत माझ्यासमोर बसल्यावर मी कायद्याचा पंचेचाळीसचा आकडा काढला. ते म्हणाले, "ठीक, पंचेचाळीस. पण मार्जिन पंचवीस." मी तेवीस म्हटलं, शेवटी दोघंही चोविसावर थांबलो. मी सही करणार, तोच दारातून अक्का म्हणाली, "पंचेचाळीस म्हंजी सा बाजार न् वर तीन दिस. त्या तीन दिसाला कुठं बाजार भरायलाय? साच करा."

अशानं आमच्या करारात बेचाळीस दिवस आले. नंतर पुण्याहून कोणीतरी ईमेल करून विचारलं, हा आकडा कुठून आला? मी लिहिलं, "स्थानिक व्यवहारपद्धती."

पुढच्या बाजाराच्या दिवशी माल त्यांच्या गोदामात पोचला. तिथून सहावा बाजार आला तेव्हा सकाळपासून माझं लक्ष फोनवर होतं. पगाराची पाकिटं मी रिकामीच टेबलावर मांडून ठेवली होती. दुपारी बँकेचा संदेश आला. पूर्ण रक्कम. मी फोन घेऊन धावत आत गेले, डोळ्यांत पाणी होतं, आणि अक्काला सांगितलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"बरं झालं. पर त्या साहेबाला दहा पाकिटाचं आत्ताच इचारू नको. सा बाजार हाईत अजून त्याला."