लातूरला एक नाव बदलायचं राहिलं

आमचं ऑफिस नांदेडला, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर. आम्ही क्लासेसना टेस्टचा निकाल लावायचं सॉफ्टवेअर विकतो. मोठं गिऱ्हाईक अर्थातच लातूरचं. डॉक्टर होणाऱ्या पोरांचं पीक तिकडेच निघतं.

ते सॉफ्टवेअर ‘जावा’ या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे आणि त्यातला गुण काढायचा इंटरफेस मी लिहिला. इंटरफेस म्हणजे एक करार असतो. प्रत्येक परीक्षेची स्वतंत्र फाइल, आणि प्रत्येक फाइलने आपापल्या नियमाने गुण काढून द्यायचे. पण गुण काढायच्या मेथडला, म्हणजे ते काम करणाऱ्या तुकड्याला, सगळीकडे एकच नाव हवं, कारण मुख्य प्रोग्राम त्याच नावाने हाक मारतो. हे नाव होतं ‘कॅल्क्युलेट’. घरातल्या प्रत्येक पोराला ‘बाळ्या’ म्हणावं तसं. हजेरी मोजायलाही कॅल्क्युलेट, क्रमांक लावायलाही कॅल्क्युलेट. मी साहेबांच्या मागे लागून गुणांपुरतं ते ‘नेटस्कोअर’, म्हणजे कापून उरलेले गुण, असं करायची परवानगी घेतली.

असं नाव हाताने शोधून बदलायचं नसतं, नाहीतर हजेरीचं कॅल्क्युलेटही बदलून बसतं. एडिटरमध्ये इंटरफेसमधल्या मेथडवर जायचं आणि रीनेम म्हणायचं. एडिटर मग ती मेथड पाळणाऱ्या सगळ्या फाइली आणि तिला हाक मारणाऱ्या सगळ्या जागा शोधतो, आधी दाखवतो आणि मग एकदम बदलतो. हजेरीच्या केसालाही धक्का लागत नाही. मला या कामाचा फार आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

पण एडिटरला दिसतं तेवढंच तो बदलतो. वैद्यकीय प्रवेशाच्या टेस्टची फाइल लातूरच्या शाखेत होती, तिथल्या प्रोग्रामरच्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक, कोरं सोडलं तर शून्य, हा नियम त्या फाइलीत. मी त्याला फोन केला, “तुमचा सोर्स कोड पाठवा, सगळं एका जागी उघडून एकदाच बदलते.”

“आमचं आम्ही बघून घेतो मॅडम. नावच तर बदलायचं हाय. लई मोठं काम न्हाई.”

सोर्स पाठवला तर लातूरचं गिऱ्हाईक नांदेडवाले गिळतील ही त्याची भीती. दोन शाखा, एकच मालक, पण आतून भाऊबंदकी.

नंतर तो म्हणाला, “झालं. कंपाइल केलं. एक एरर न्हाई.”

एरर येणार कुठून? मेथडच्या डोक्यावर ‘ओव्हरराइड’ लिहायचं असतं. ते असलं आणि इंटरफेसमध्ये त्या नावाची मेथड नसली, तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, तिथेच अडवतो. ते लिहा म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. त्याला ती नटवेगिरी वाटायची. त्यात आमच्या साहेबांनी सोयीसाठी इंटरफेसमध्येच एक आयती मेथड घालून ठेवलेली: कुणी स्वतःचा नियम लिहिला नसेल तर बरोबर उत्तरांचे गुण मोजा, चुकीचे कापू नका. माझ्या रीनेममध्ये तिचंही नाव नेटस्कोअर झालं. लातूरवाला नेमकं तेच नाव बदलायचं विसरला आणि त्याच्या फाइलीत कॅल्क्युलेट तसंच राहिलं, कुणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. मुख्य प्रोग्रामने नेटस्कोअर अशी हाक मारली आणि ओ दिली आयत्या मेथडने.

सगळ्यांचे गुण वाढले. घटले असते तर सकाळीच फोन आला असता. वाढलेल्या गुणांचा जाब कोण विचारतो? क्लासवाल्यांनी फ्लेक्स लावला.

जाब विचारला माझ्या भाचीने. माझ्या बहिणीची ही मुलगी हदगावहून लातूरला याच क्लाससाठी होस्टेलवर राहायला आलेली. टेस्टच्या क्रमांकावरून बॅच ठरायची. पहिल्या बॅचचे मास्तर वेगळे, आणि त्या बॅचमध्ये बसायचं एवढाच तिचा ध्यास. येत नाही ते कोरं सोडायचं, ठोकून द्यायचं नाही, हा तिचा बाणा. तिचा फोन आला. “मावशी, उत्तरं ताडून पाहिली तर मला हिशोबापेक्षा जास्त पडलेत. तरी पण दुसऱ्या बॅचमध्ये टाकलंय. असं कसं गं?”

ऐकताच माझ्या लक्षात आलं. चुकीचे गुण कापलेच गेले नव्हते. ज्यांनी डोळे मिटून गोळे काळे केले ते वर गेले, आणि जिने कोरं सोडलं ती खाली आली.

मी सकाळची बस धरून लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. प्रोग्रामरला खुर्चीवरून उठवलं. फाइल उघडली तर कॅल्क्युलेट तिथे बसलेलं, वजा एकचा नियम पोटात घेऊन. मी त्याची फाइल माझ्या प्रोजेक्टमध्ये आणली, इंटरफेसमधलं नाव आधी परत कॅल्क्युलेट केलं, म्हणजे तुटलेलं नातं पुन्हा जुळलं. वर ओव्हरराइड लिहिलं. आणि मग इंटरफेसवरून रीनेम. या वेळी लातूरची फाइलही बाकीच्यांबरोबर बदलली. साहेबांची आयती मेथड काढून टाकली. आता ज्याने नियम लिहिला नाही त्याची फाइल कंपाइलच होणार नाही. निकाल पुन्हा काढला. भाची पहिल्या बॅचमध्ये होती.

नव्या निकालाचा कागद घेऊन मी क्लासच्या संचालकांकडे गेले. भला माणूस, चहा सांगितला.

“लिस्ट लागली मॅडम. पालकांना मेसेज गेले. आता काय सांगू, आमचं मशीन चुकलं म्हणून?”

“चुकलंच की.”

“पुढच्या टेस्टपासून बरोबर करा. ही ऱ्हाऊ द्या.” मग कागदावर नजर फिरवत म्हणाले, “आणि ही पोरगी तुमचीच भाची ना? लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा.”

मला इतका संताप आला की चहा तसाच ठेवून उठले. साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, “गिऱ्हाईक समाधानी हाय ना? मग कशाला उकरून राहिल्या तुम्ही?” एका शब्दामागे पळत जाऊन सगळ्या जागा बदलणारा एडिटर मला परवडला. माणसाला चूक हातात नेऊन दिली तरी तो ती टेबलावर ठेवून चहा पितो.

संध्याकाळी होस्टेलच्या फाटकापाशी भाचीला सगळं सांगितलं. चूक आमची आहे, तुझी नाही. तू पहिल्या बॅचची आहेस, मी डोळ्यांनी पाहिलंय.

“मावशी, चूक असती तर त्यांनी लिस्ट बदलली असती ना?”

मी पुन्हा समजावलं. ती हसून म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून सांगतीस तू. कळतं मला.” आणि डबा आला म्हणून आत गेली.

पुढच्या टेस्टचा निकाल नांदेडहून मीच लावला. प्रोग्रामने नेटस्कोअर अशी हाक मारली आणि या वेळी लातूरच्याच फाइलीने ओ दिली. सगळं चोख चाललं. मी भाचीची उत्तरपत्रिका उघडली. एकही प्रश्न कोरा नव्हता. येत नव्हतं तिथेही तिने ठोकून दिलं होतं, भिंतीवरच्या यादीने शिकवलं होतं तसं. आणि माझी मेथड प्रत्येक चुकीला एक गुण कापत गेली, अगदी बरोबर.