शाईचा थेंब आणि अठ्ठावीस रेषा

नकाशा काढण्याच्या कचेरीत थेंबताईंनी छत्तीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली. काम सांगायला सोपं होतं. मोजणीवाल्यांनी डोंगरात फिरून आणलेल्या कच्च्या नकाशावर, कचेरीच्या भाषेत पत्र्यावर, पारदर्शक कागद पसरायचा आणि खालच्या रेषा शाईने वर उतरवायच्या. श्वास रोखून, मनगट न हलवता. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो डोंगर उतरवले, पण त्या स्वतः एकही चढल्या नाहीत. घर, कचेरी, आईचं आजारपण आणि मग स्वतःचा गुडघा, यातून सवड मिळायची कधी?

थेंब हे नाव कचेरीतलंच. बावीस वर्षांच्या असताना एका डोंगराच्या धारेवर त्यांनी मसुराच्या दाण्याएवढं एक बंद वर्तुळ काढलं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, अशी स्वतःशीच मिटली, की तिच्या आत जमीन आणखी उंच आहे, म्हणजे तिथे छोटासा उंचवटा आहे, असा तिचा अर्थ. मुख्य आरेखक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, हा शाईचा थेंब दिसतोय. खोडा."

"खालच्या पत्र्यावर आहे साहेब," त्या म्हणाल्या.

"मग खालच्यावरही थेंबच असेल. मोजणीवाल्यांच्या हातात काय शाई नसते?"

त्यांनी खोडलं नाही. पत्रा तसाच छापून आला आणि बाईंना नाव मिळालं. साहेबांचा निरोपसमारंभ झाला, साहेब गेले, कचेरीत संगणक आले, थेंब मात्र चिकटून राहिला. ताई सगळ्यांबरोबर हसायच्या. पण सकाळी जाग येण्याआधीच्या त्या धूसर वेळात त्या अनेकदा एका पांढऱ्या, निःशब्द डोंगरावर असत. पायाखाली शाईची तपकिरी रेषा असे आणि तिच्यावरून चालताना ना चढ लागे ना उतार. रेषा फिरत फिरत एका ठिकाणी मिटायला येई, आणि तेवढ्यात दूधवाला बेल वाजवी.

चौसष्टाव्या वर्षी भाचीने फोन पुढे केला. भाची दंतवैद्य, सुट्टीत डोंगर पालथे घालणारी. एका डोंगराच्या पायथ्याच्या लॉजमध्ये भिंतीवर काचेत लावलेल्या पदभ्रमणाच्या नकाशाचा तिने फोटो काढून आणला होता.

"आत्या, ओळखतेस का हा डोंगर?"

ताईंनी दागिने पारखायचं भिंग थेट फोनच्या पडद्यावर धरलं. भाचीला हसू आवरेना. ताईंना त्याचं भान नव्हतं. धारेवर, उजव्या हाताला, मसुराएवढं वर्तुळ जागेवर होतं.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे जमीन खरंच वर उठलेली आहे की आयुष्यभर आपण एका डागाचं नाव मिरवलं, हे आता पाय चालतायत तोवर कळायला हवं होतं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "तीनशे मीटरचा चढ. त्यापुढे एक पाऊल नाही."

भाचीने फोटो मोठ्या कागदावर छापून आणला आणि लगेच पट्टी लावून नकाशावर लिहिलेल्या प्रमाणाने अंतर मोजायला घेतलं. ताईंनी तिच्या हातावर चापट मारली. "ते प्रमाण मूळ नकाशाचं. फोटो लहानमोठा केला की ते गेलं. खाली ही आखलेली पट्टी आहे ना, तीही तेवढीच लहानमोठी झालीय. तिच्यावरून माप." मग त्यांनी दाखवलं, रेषा दाट असतील तिथे चढ अंगावर येणारा, विरळ असतील तिथे सैल. निळ्या ओढ्याशी रेषा टोक काढतात, ते टोक वरच्या अंगाला. रेषेवर लिहिलेल्या आकड्याचं डोकं ज्या बाजूला, ती चढाची बाजू. भाची कौतुकाने ऐकत होती. हीच बाई घरातल्या लाइटच्या बिलाकडे बघून घाबरते, हे तिला खरं वाटेना.

ताईंनी लॉजपासून थेंबापर्यंत वाटेवरच्या रेषा मोजल्या. अठ्ठावीस. "दहा दहा मीटरने दोनशे ऐंशी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर खूश, मीही खूश." त्या आठवड्यात त्यांनी बूट घेतले, ते घालून गच्चीच्या जिन्यावर चढउतार केली आणि शेजारणीला दोनदा डोंगराची गोष्ट सांगितली.

एकच गोष्ट अडली होती. फोटोत खुणांचे अर्थ सांगणाऱ्या सूचीच्या चौकोनावर काचेची चमक पडली होती. वाटेत एक पंख्यासारखी खूण होती, ती कसली हे कळेना. भाचीने लॉजच्या मालकीणबाईंना सांगितलं, तेवढा कोपरा पुन्हा पाठवा. निघायच्या आदल्या दुपारी फोटो आला. ताई मोठ्याने वाचू लागल्या. तुटक रेघ, पायवाट. निळा ठिपका, झरा. पंखा, दृश्यस्थळ. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

दोन रेषांमध्ये वीस मीटर.

त्यांच्या कचेरीत त्या विभागाचा प्रत्येक पत्रा दहाचाच असे. सूची बघायची गरज छत्तीस वर्षांत कधी पडली नव्हती. या नकाशावाल्यांनी दर दुसरी रेषा गाळली होती. दोनशे ऐंशीचे पाचशे साठ झाले.

"माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "पोरीसोरींना शिकवायला निघाले, आणि आधी सूची वाचली नाही, रेषांवरचे आकडेही ताडले नाहीत."

भाची म्हणाली, "हळूहळू जाऊ आत्या. थांबत थांबत."

"नाही. डॉक्टरांनी रेषा आखून दिलीय." बूट दाराशी होते, त्यांच्याकडे बघवेना. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग पुन्हा उचललं. दर दुसरी रेषा गाळली, तरी थेंब कुणी गाळला नव्हता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पंधरापर्यंत मोजलं, वीस वीसने तीनशे. पंधरावी रेषा जाड होती, समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरची, आणि नेमकी तिच्यावर दृश्यस्थळाची खूण. तिथून वर रेषा आधी विरळ होत्या आणि धारेपाशी दाट.

"उतार पोटात गेलाय," त्या पुटपुटल्या. "मध्ये फुगवटा नाही. इथे बसलं की वरचं दिसेल. मी इथे बसेन. तू जा."

लॉजवर एक रात्र काढून पुढच्या सकाळी त्या खरोखरच पंधराव्या रेषेवर बसल्या. खालचं खोरं ढगाने भरलं होतं आणि सगळं त्या स्वप्नासारखं पांढरं, बिनआवाजाचं होतं. फक्त गुडघा ठणकत होता, म्हणून हे स्वप्न नाही एवढं कळत होतं. भाचीची पिवळी टोपी ठिपक्याएवढी होऊन धारेवरच्या ढगात शिरली. ताई वाट बघत राहिल्या. समजा, तिथे काही नसलं तर? तर साहेब बरोबर होते, एवढंच.

ढग विरला. धार वर सरळ गेलेली दिसली, पट्टीने आखल्यासारखी, आणि उजव्या हाताला तिच्यावर एक लहानसा फुगीर माथा. त्यावर पिवळा ठिपका हात हलवत होता.

फोन वाजला. वाऱ्याने भाचीचा आवाज फाटत होता.

"आत्या, मी वर उभी आहे. कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं ना, तरी खालीच उतरावं लागतंय!"

"पुन्हा सांग," थेंबताई म्हणाल्या. ऐकू नीट आलं होतं.