पंधरा मिनिटांत हजार उड्या

उस्ताद हा माणूस आयुष्यात फक्त घड्याळाला भ्यायचा. मुष्टियुद्धात नाकाचं हाड दोनदा मोडलं तेव्हाही त्याने आधी किती सेकंद उरलेत तेच विचारलं होतं. आता तो एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोरीच्या उड्या शिकवायचा. खाली दातांचे डॉक्टर बसत आणि इमारतही त्यांचीच होती.

डॉक्टरांची अट साधी होती. चार ते सव्वाचार ते चहाला जातात, तेवढ्यात काय धपधप करायची ती करा. "सव्वाचारला पेशंटच्या तोंडात माझा हात असतो," ते म्हणाले होते. "त्यानंतर एक जरी उडी ऐकू आली, तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायची."

त्याचे शिष्य मिनिटाला एकशेवीस उड्या मारत. शंभर-शंभरच्या दहा फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सगळं पावणेतेरा मिनिटांच्या आसपास आटोपायचं. उस्तादाचं सुरळीत चाललं होतं, आणि मग वहिनी आली.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. उस्ताद पोरका झाला तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, त्याच्या रक्ताळलेल्या बनियनी धुतल्या, आणि एकदाही "हे सोड" म्हटलं नाही. मग ती स्वतः दोन वर्षं अंथरुणाला खिळली. आता बरी होती, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परवानगीही होती, पण घरात ती उठायला लागली की चार हात पुढे येत.

"मला हजार मारायच्यात," ती म्हणाली. "एका दमात नाही, पण एका बैठकीत. त्यानंतर कुणी मला धरून उठवायचं नाही."

उस्तादाने तीन महिने तिची तयारी करून घेतली. मग एका मिनिटात तिच्या उड्या मोजल्या. बरोब्बर शंभर. म्हणजे उड्यांना दहा मिनिटं. दहा फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती नऊ, त्यांची साडेचार मिनिटं. एकूण साडेचौदा. "अर्धा मिनिट खिशात," तो म्हणाला, आणि स्वतःवर खूश झाला.

ठरलेल्या दिवशी डॉक्टर चहाला गेले आणि वहिनीने दोरी फिरवली. सहा फेऱ्या घड्याळाला जुळल्या. सातवीत तिचे पाय जड झाले. शंभर उड्यांना सव्वा मिनिट लागलं, आठवीलाही तेवढंच, आणि नववीलाही. उस्तादाच्या कपाळावर घाम आला, वास्तविक तो नुसता उभा होता. दहाव्या फेरीत नऊशे साठ झाल्या आणि सव्वाचार वाजले.

त्याने दोरी पकडली.

"चाळीस राहिल्यात!" वहिनी धापा टाकत म्हणाली.

"वेळ संपली."

वहिनीने दोरी त्याच्या हातात सोडली आणि जिना उतरली. जिन्यात थांबलेल्या भावाने तिला धरायला हात पुढे केला, तो तिने झिडकारला नाही. उस्तादाला ते बघवेना.

दोन दिवस तिने त्याला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मोजलंस ते पहिलंच मिनिट ना? पहिल्या मिनिटाला कोण दमतं रे?"

ताज्या पायांचा वेग उस्तादाने दमलेल्या पायांवर लादला होता. जन्मभर त्याला वेगवान माणसंच भेटली होती. हळू सुरुवात करणं त्याच्या लेखी शिवी होती. ताट बाजूला सारून तो हिशोबाला बसला. मिनिटाला नव्वद धरल्या, तर उड्यांना अकरा मिनिटं सात सेकंद. पाय कमी जळतील, म्हणजे विश्रांती वीस-वीस सेकंदांची पुरेल, तिची तीन मिनिटं. एकूण चौदा मिनिटं सात सेकंद. वेग कमी केल्यावर वेळही कमी होतो, हे त्याला पचेना. त्याने तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा तेच आलं.

आठवड्याभराने पुन्हा चार वाजले. वहिनी पहिल्या फेरीत इतकी सावकाश उडत होती की उस्तादाने दातओठ खाल्ले. "हळू," तो म्हणाला. हा शब्द त्याने कुणाला पहिल्यांदाच सांगितला होता. सातवी फेरी पहिलीसारखीच झाली. आठवीही. तो मोठ्याने मोजत राहिला. नऊशे नव्वद. नऊशे पंचाण्णव. नऊशे अठ्ठ्याण्णवला त्याचा आवाज फुटेना, तेव्हा शेवटच्या दोन वहिनीनेच मोजल्या.

दोरी जमिनीवर पडली. घाम पुसायला त्याने टॉवेल पुढे केला, पण तिने तो त्याच्याच डोळ्यांना लावला.

"अजून त्रेपन्न सेकंद आहेत," तो हुंदका आवरत म्हणाला.

"मग तेवढं रडून घे," वहिनी म्हणाली. "पण पाय आपटू नकोस."