मन्मथ सरांचं मोघम पत्र

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस तर सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. कॉलेजच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मन्मथ सर तरीही रोज इस्त्रीचा सदरा घालून वर्गात जात. मूळचे उदगीरचे, घरी भुसारचं दुकान. पण दुकान धाकट्या भावाला देऊन गणिताचे प्राध्यापक झालेले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अकरा वर्षं तेच शिकवत होते. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्सवर मागची पोरं पास झाली होती, पुढचीही होत होती.

त्या वर्षी वर्गात गणिताला नऊ जण होते. त्यांत रेणापूरची पंचशीला. वडील मलेरिया खात्यात फवारणीला, घरात शिकलेली तीच पहिली. ती फार बोलत नसे. पण एकदा सरांनी शून्यापासून एकपर्यंतचं एक इंटिग्रल फळ्यावर टाकलं, शून्याशी जाऊन फुटणारं : भाजकात x अधिक x चा घन, त्यावर वर्गमूळ. पोरं माना खाली घालून बसली. ती म्हणाली, "सर, घन काढून टाकला तर भाजक लहान होतो, म्हणजे अपूर्णांक मोठा होतो. त्या मोठ्याचंच इंटिग्रल दोन येतंय. मग हे दोनाच्या आतच ऱ्हायला पाहिजे."

"बरोबर," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं.

पंधरवड्यानं अनंताकडं जाणाऱ्या इंटिग्रल्सची पाळी आली. सरांनी नोट्समधलं उदाहरण घातलं : दोनापासून अनंतापर्यंत, वर एक, खाली x गुणिले log x चा वर्ग, अधिक x चं वर्गमूळ. मग लिहून दिलं, की याची तुलना १/x शी करा. दोन्हींचं गुणोत्तर शून्याकडं जातं, १/x चं इंटिग्रल अनंत, म्हणून हेही डायव्हर्ज, म्हणजे अनंतच. log म्हणजे फार हळू वाढणारं प्रकरण, त्याचा काय हिशेब धरायचा!

पंचशीलानं हात वर केला. "गुणोत्तर शून्याकडं जातंय, म्हणजे हे १/x च्या मानानं लईच लहान हाय ना सर? अनंताहून लहान असलं तर ते अनंतच असंल, असं कसं?"

"नोट्स लिहून घे आधी," सर म्हणाले. पोरं हसली. तिनं वही उघडली.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरांच्या घरी आला. प्रश्न तोच होता, आठ गुणांचा. पेपर काढणाऱ्या समितीत सर स्वतःच होते आणि आदर्श उत्तरही त्यांच्याच हातचं. गठ्ठ्यावर नावं नव्हती, नुसते क्रमांक. पण एका पेपरात लिहिलं होतं : भाजकातलं वर्गमूळ काढून टाका, उरलेलं १ भागिले x गुणिले log x चा वर्ग, आपल्या फलनापेक्षा मोठं आहे. log x ला t म्हणा, इंटिग्रल १/t² चं होतं आणि किंमत येते १ भागिले log 2. मोठं कन्व्हर्ज, म्हणजे मर्यादित, म्हणून लहानही कन्व्हर्ज.

सरांनी अक्षर ओळखलं. हातातली लाल पेन्सिल क्षणभर थांबली. बाहेर टँकर आल्याचा गलका झाला, सुमनबाई, त्यांच्या पत्नी, घागर घेऊन पळाल्या. सरांनी आदर्श उत्तराकडं पाहिलं, तिथं 'डायव्हर्ज' लिहिलं होतं. आठपैकी एक गुण दिला आणि पान उलटलं.

निकाल लागला. पंचशीला चार गुणांनी नापास.

तिनं फेरमोजणीचा अर्ज केला. पण फेरमोजणीत बेरीज तपासतात, गणित नव्हे. बेरीज बरोबरच होती. वडिलांचं म्हणणं, आता कुठं वर्ष घालवतीस. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बारावीवर कारकून भरत होते. ती टंचाई शाखेत लागली, कुठल्या गावाला कुठला टँकर जायचा याच्या नोंदी ठेवायला.

श्रावणात सर नांदेडला प्राध्यापकांच्या शिबिराला गेले. तिथं शेषेराव नावाचे जुने मित्र भेटले, उमरीचे. चहाच्या कपाशी बोलताना सरांनी ते उदाहरण अभिमानानं सांगितलं. शेषेराव हसले नाहीत. पाकिटाच्या पाठीवर त्यांनी चार ओळी लिहिल्या.

"मन्मथ, गुणोत्तर शून्य आलं आणि ज्याच्याशी तोललं ते डायव्हर्ज असलं, तर काहीच सिद्ध होत नाही रे. ते कन्व्हर्ज असतं तर गोष्ट वेगळी. आणि हे तर सरळ कन्व्हर्ज होतंय."

ओळी त्या पेपरातल्याच होत्या. t तोच, शेवटी १ भागिले log 2 तेच.

लातूरला परतल्यावर ते विद्यापीठाला पत्र लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली, 'आदर्श उत्तर चुकीचे होते', खोडली. अकरा वर्षांच्या नोट्स, समितीतलं नाव, पोरांत उरलेला मान. शेवटी लिहिलं : 'सदर प्रश्नाच्या उत्तराबाबत मतभेद संभवतो, तरी विचार व्हावा.' पत्र टाकून ते मोकळे झाले.

महिन्यानं उत्तर आलं. मतभेदाच्या कारणास्तव गुणांत बदल करता येत नाही.

तेव्हा ते कचेरीत गेले. पंचशीला फायलींच्या मागं बसली होती. तिनं उठून खुर्ची दिली. सरांनी सगळं सांगितलं, नांदेडचं, पत्राचं, आणि पत्राची नक्कल पुढं केली. तिनं ती सावकाश वाचली.

"मतभेद कशात हाय सर? १ भागिले log 2 येतंय का न्हाई?"

"येतंय."

"मग असं का लिवलं?"

सरांनी नक्कल परत घेऊन घडी घातली. ती पुढं म्हणाली, "तवाच मला ठाऊक होतं. पेपर लिवतानाच. तुमचं उत्तर लिवलं असतं तर पास झाले असते. पण हात वळंना."

"पुन्हा बस परीक्षेला. मी स्वतः..."

"न्हाई सर. आता न्हाई." एक सरपंच अर्ज घेऊन दारात उभे होते, तिनं त्यांना आत बोलावलं.

त्या संध्याकाळी सरांनी दुसरं पत्र लिहिलं, एकही शब्द मऊ न करता : उत्तर चुकीचे, चूक माझी, विद्यार्थिनीचे बरोबर. ते पोचलं तेव्हा मुदत उलटून सात दिवस झाले होते. पहिल्याच वेळी असं लिहिलं असतं तर मुदतीत होतं, हे विद्यापीठाच्या बाबूनं उत्तरात नोंदवलंही होतं. वाईट हेतूनं नव्हे, नुसतं तारखांचा मेळ लावताना.

पुढं सर समितीतून आपण होऊन बाहेर पडले. नोट्स फाडल्या, नव्यानं लिहिल्या. त्यात ते उदाहरण ठेवलं आणि शेजारी पंचशीलाचं नाव. दरवर्षी वर्गात ते नाव घेऊन सांगत, की हिनं बरोबर सोडवलं होतं आणि मी एक गुण दिला होता. पोरं लिहून घेत. ती आता काय करते, हे एकानंही कधी विचारलं नाही.

पंचशीला पुढं अव्वल कारकून झाली. तिच्या हाताखालच्या नोंदीत एकाही गावाचा टँकर चुकला नाही, असं लोक सांगायचे. हे ऐकलं की मन्मथ सर मान हलवत आणि आत जात.