खिंडीतला विसावा

भोरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची तात्पुरती लेक्चरर होते, सत्तरच्या आसपासची गोष्ट. वय चोवीस, पण तोरा चाळिशीचा. वर्गात मुलं मला टरकून असायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला! त्या दिवशी मात्र टरकले होते ती मी.

बीएस्सीची प्रात्यक्षिक परीक्षा, तिच्यातच तोंडी. पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक मुख्य खुर्चीत, शेजारी मी. नियम साधा: मुलगा उत्तर देत असताना शिकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

पहिलाच आला वेल्ह्याकडच्या एका वाडीतला मुलगा. एमएस्सीला जायचंच म्हणून तो तीन वर्षं घासत होता, आणि त्यासाठी पहिला वर्ग हवा होता. तोंडीत घसरला असता, तर सगळंच गेलं असतं.

"मिथिल ब्रोमाइड आणि हायड्रॉक्साइड. ऊर्जेची आकृती काढा," परीक्षक म्हणाले.

त्याने डावीकडून रेघ चढवली, टेकडी केली, आणि ऐन माथ्यावर एक छोटासा खळगा काढला. मग रेघ उतरवली.

तो खळगाच चुकीचा होता. एका पायरीच्या अभिक्रियेला एकच टेकडी, आणि तिचा माथा म्हणजे ट्रान्झिशन स्टेट. तिथे काहीही थांबत नाही. खळगा काढला की तिथे इंटरमीजिएट आला, म्हणजे क्षणभर का होईना, खरंच जगणारा पदार्थ. एका पायरीच्या दोन झाल्या!

"अभिक्रिया किती पायऱ्यांची?"

"एक, सर."

"मग हा खड्डा कसला?"

"विसावा, सर."

आणि मला लख्ख कळलं. ट्रान्झिशन स्टेट म्हणजे खिंड समजा, हे मीच शिकवलं होतं. वर स्वतःवर खूश झाले होते. मी पुण्याची, मला खिंड म्हणजे चढण संपून उतार लागतो ती जागा. या मुलांच्या डोंगरात मात्र खिंड आली की डोईवरचं ओझं टेकवायचं, पाणी प्यायचं, मगच उतरायचं. न बसता कोणी खिंड ओलांडतच नाही. म्हणजे बाहेर रांगेत उभे असलेले सगळेच असा खळगा काढणार होते.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" परीक्षकांनी पेन उचललं.

बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते आणि टेबलावरच्या गुणांच्या तक्त्याकडे बघत बसले होते. माझी नेमणूक वर्षावर्षाची. याच माणसाचा शेरा प्राचार्यांकडे जाणार होता.

मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी न्हाई, सर. म्याच नीट वाचलं न्हाई."

पेन कागदावर टेकलं.

"तो खोटं बोलतोय," मी म्हणाले. आवाज कसला, चिरका. "खिंडीचं उदाहरण माझं. तिथे हे लोक बसतात, हे मला माहीत नव्हतं."

परीक्षकांनी मला नखशिखांत न्याहाळलं. ते म्हणाले, "मग दहा मिनिटं देतो. जा, फळ्यावर दुरुस्त करा. सगळ्यांसमोर."

मुलांना आत घेतलं. खडू दोनदा मोडला. खिंडीत बसायचं नाही, मी म्हणाले, बसायची जागा फक्त दोन खिंडींमधल्या खोलगटात. पायथ्याचं गाव म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, त्या खोलगटातली वाडी म्हणजे इंटरमीजिएट.

मग त्याच मुलाला परीक्षकांनी दुसरी आकृती दिली: टर्शरी ब्यूटिल ब्रोमाइड आणि पाणी. त्याने पहिली टेकडी उंच काढली, मधे खोलगट, मग बुटकी टेकडी. खोलगटात लिहिलं कार्बोकॅटायन, म्हणजे इथला इंटरमीजिएट.

"पहिल्या माथ्यावरची रचना कशासारखी?"

"कार्बोकॅटायनसारखी, सर. ह्यो माथा उंचीनं खालच्या गावापास्नं लांब, वरच्या वाडीला जवळ. म्हंजी हवा वाडीचीच. हॅमंडचं पोस्च्युलेट."

"आणि वाडी अजून खाली आली, कॅटायन आणखी स्थिर झाला, तर?"

"माथाबी खाली येतो. अभिक्रिया लवकर व्हती."

परीक्षक हसले नाहीत, पण पहिल्या आकृतीवर त्यांनी आडवी काट मारली आणि गुण दुसऱ्या आकृतीला दिले. तो सुटला.

संध्याकाळी एसटी स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत तो उभा होता. मी तरातरा गेले. "शहाण्या, खोटं का बोललास? पहिला वर्ग गेला असता ना तुझा!"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमची नोकरी कच्ची हाय न्हवं, बाई."

त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असून त्याने चूक पटकन स्वतःवर घेतली होती. आणि मी, त्याचा पहिला वर्ग डोळ्यांदेखत जात असताना, पेन कागदाला टेकेपर्यंत गप्प बसले होते.