नकाशावर न आलेल्या अकरा विहिरी

नांदेडच्या विद्यापीठात मी सहायक ग्रंथपाल होतो आणि तिथूनच पीएच.डी. करत होतो. विषय होता 'मराठवाड्यातील दुष्काळावरील संशोधनाचे मापन'. म्हणजे दुष्काळ मोजायचा नाही, दुष्काळावर लिहिलेले कागद मोजायचे. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी एसीत बसून रंगीत गोळे काढत होतो.

काम सोपं होतं. मोठ्या परदेशी डेटाबेसमधून लेखांच्या नोंदी उतरवायच्या आणि सॉफ्टवेअरला द्यायच्या. एकाच लेखात बरोबर येणारे शब्द ते जवळजवळ मांडतं आणि त्यांचे गट रंगवतं. आमच्याकडं भूजल लाल झालं, पर्जन्यमान हिरवं, शेतकरी आत्महत्या निळी. दुसरा नकाशा सहउद्धरणाचा. दोन जुन्या लेखांचा उल्लेख नंतरच्या एखाद्या लेखानं एकत्र केला, की त्या दोघांत एक धागा. असे धागे जितके जास्त, तितके ते लेख नकाशावर जवळ. उल्लेख कौतुकानं केलाय की चूक दाखवायला, हे नकाशा विचारत नाही. कमीत कमी किती उल्लेख असलेला लेख घ्यायचा, तो आकडा आपण टाकायचा. मी वीस टाकला. दहा टाकला की गिचमिड व्हायची, वाचायला त्रास व्हायचा.

गुरुजींना तीन उल्लेख होते.

गुरुजी म्हणजे शिरूर अनंतपाळकडचे निवृत्त भूगोल शिक्षक. लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षापासून ते आपल्या भागातल्या अकरा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला टेप सोडून मोजत होते. त्यावर त्यांनी एम.फिल.चा मराठी प्रबंध लिहिला होता. आमच्या ग्रंथालयात त्याच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी मीच, त्यांच्यासमोर, चिकटवली होती. मराठीतला, न छापलेला प्रबंध त्या डेटाबेसमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी आपल्या संदर्भयादीत घेतला तरच तो सहउद्धरणाच्या नकाशापर्यंत पोचणार, आणि तसा तो तिघांनीच घेतला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी लेखात मी वाक्य लिहिलं, 'या पट्ट्यात विहिरींच्या दीर्घकालीन नोंदी उपलब्ध नाहीत.' नकाशावर रिकामी जागा दिसली की तिला 'संशोधनातील पोकळी' म्हणायची आमच्यात रीतच आहे. पोकळी दाखवली नाही तर लेख परत येतो. निदान संदर्भात तरी गुरुजींना घेऊ, असं मी मार्गदर्शकांना म्हणालो. ते म्हणाले, "मराठी प्रबंध? परीक्षक तपासणार कुठं? राहू द्या." मी राहू दिलं. मला पदवी हवी होती. आज याला दुसरं काही नाव देण्याची माझी इच्छा नाही.

लेख छापून आला आणि तोच नकाशा लातूरच्या बैठकीत पडद्यावर गेला. तिथं पाणीपातळीच्या निरीक्षणाचा मोठा प्रकल्प ठरायचा होता. गुरुजी मागच्या रांगेत चार रजिस्टरं मांडीवर घेऊन बसले होते. गुडघे गेले होते, विहिरीच्या काठावर वाकणं आता जड जात होतं. त्यांना पैसा नको होता. प्रकल्पानं त्यांच्याच अकरा विहिरी घ्याव्यात, नोंद तुटू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रकल्पाचे बाहेरून आलेले प्रमुख साहेब नकाशावरच्या मोकळ्या जागेवर लेसरचा ठिपका फिरवत म्हणाले, "इथं काहीच झालेलं नाही. शून्यापासून सुरुवात करावी लागेल."

गुरुजी उठले. "साहेब, मी मोजायलोय की. एक महिना चुकला न्हाई."

"कुठं प्रकाशित आहे?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठी चिकटवणारा माणूस समोर बसलाय, तो सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो. 'हा नकाशा कोण कुणाचा उल्लेख करतं तेवढंच दाखवतो, काम कुणी केलं ते नाही,' एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ते छापलेलंसुद्धा आहे.

बाहेर व्हरांड्यात गुरुजी म्हणाले, "तुमच्या नकाशात मी न्हाई, हाव, समजलं. पण तुमाला तर ठावं होतं की."

प्रकल्पानं रस्त्याला सोयीच्या नव्या विहिरी निवडल्या. गुरुजींनी पावसाळ्याआधी मोजणं बंद केलं. त्यानंतर आलेल्या टँकरच्या उन्हाळ्यातली, सगळ्यात खोल गेलेली पातळी कुणाकडंच लिहिलेली नाही.

परवा एका विद्यार्थिनीनं याच विषयावर काढलेला ताजा नकाशा मला तपासायला आणला. मधोमध एक ठसठशीत लाल गोळा होता. "सर, हा तुमचाच लेख," ती कौतुकानं म्हणाली. नोंदी उपलब्ध नाहीत हे सांगायला आता सगळे माझाच संदर्भ देतात.