चौसष्टाव्या पानावरचं कार्ड

हरवलेल्या कार्डाचा अर्ज आला की कॉलेजच्या ग्रंथपाल बाई आधी वैतागायच्या. ‘माझे कार्ड हरवले आहे, तरी दुसरे मिळावे, ही विनंती,’ असं त्या दिवशी एका विद्यार्थिनीने लिहून दिलं होतं. “डोकं घरी ठेवून येतात,” बाई पुटपुटल्या. त्या कार्डावर भलत्याच कुणी पुस्तक नेऊ नये म्हणून त्यांनी त्याचा नंबर बंद केला आणि कपाटांकडे निघाल्या. दुसरं कार्ड करण्याआधी त्या विद्यार्थ्याने शेवटी परत केलेलं पुस्तक उघडून बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची खोड. मुलं कार्डच खूण म्हणून पानांत घालून विसरतात, हे त्यांना पाठ होतं.

पुस्तक समुद्रप्रवासाचं होतं. कार्ड चौसष्टाव्या पानावर सापडलं. ते उचलताना बाईंची नजर सहज ओळीवर पडली. जहाज धुक्यात शिरत होतं. तीस वर्षं त्यांनी पुस्तकांवर शिक्के मारले, फाटक्या पाठी चिकटवल्या. कामाच्या वेळात एक पान म्हणून वाचलं नव्हतं. खिडकीतलं ऊन एका कपाटावरून दुसऱ्यावर सरकलं. धुकं हळूहळू बाईंच्या चष्म्यापर्यंत आलं.

“मॅडम, माझं दुसरं कार्ड?” मुलगी शेजारी येऊन उभी होती.

बाई दचकल्या. “हे घे, तुझं पहिलंच. नंबर चालू करून देते.”

“मग माझा अर्ज परत द्या ना.”

बाईंनी अर्जाची घडी घालून ती एक्क्याऐंशीव्या पानात ठेवली.

“तो राहू दे,” त्या म्हणाल्या. “मला खूण हवी आहे.”